जुन्या पानावर नवी अक्षरं बसवताना या चुका टाळा

घरच्या जुन्या आरतीसंग्रहाचं एक पान वाळवीने खाल्लं होतं. चार ओळी पुन्हा टाइप करून त्या ३०० डीपीआयच्या स्कॅनवर फोटोशॉपच्या Multiply या ब्लेंड मोडमध्ये बसवल्या, तरी अक्षरं कागदावर तरंगत होती. कारण साधं होतं: शाई म्हणून मी शुद्ध काळा घेतला होता.

Multiply दोन रंगांचा गुणाकार करून २५५ ने भागतो. काळा म्हणजे शून्य, आणि शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच. त्यामुळे कागदाचा पिवळेपणा, डाग, तंतू यांतलं काहीच अक्षरात उतरत नाही.

मग आयड्रॉपरने शेजारच्या छापील अक्षराचा रंग उचलला. ही दुसरी चूक, आणि ती जास्त फसवी. स्कॅनमध्ये दिसणाऱ्या शाईत कागदाचा रंग आधीच मिसळलेला असतो. तोच रंग पुन्हा कागदाशी गुणला की अक्षर गडद आणि तपकिरी होतं. म्हणून कागदाचा वाटा आधी काढून टाकायचा: दिसणारी शाई गुणिले २५५, भागिले कागद, लाल, हिरवा, निळा तिन्हींसाठी वेगवेगळं. माझ्या पानावर कागद २२५, २१०, १८० होता आणि शाई ७०, ६२, ५५. हिशेब केल्यावर ७९, ७५, ७८ आलं, म्हणजे जवळजवळ साधा करडा! तपकिरी छटा कागदाचीच होती. कागदाचा आणि शाईचा नमुना मात्र एकाच भागातून घ्या. बांधणीकडची बाजू स्कॅनमध्ये बहुधा काळवंडलेली असते.

अर्धवट उरलेली जुनी अक्षरं झाकायला मजकुराच्या लेयरवर पांढरी पट्टी टाकू नका. Multiply मध्ये पांढरा दिसतच नाही, खालचं अक्षर तसंच वर येतं. हा मोड फक्त गडद करतो, उजळ कधीच करत नाही. जुने अवशेष आधी क्लोन स्टँपने, त्याच पानाच्या कोऱ्या समासातला कागद घेऊन पुसावे लागतात.

सगळं बरोबर करूनही फोटोशॉपमध्ये फरक दिसेना, तर लेयर ज्या ग्रुपमध्ये आहे त्याचा मोड पाहा. तो Normal असेल तर आतल्या Multiply ला खालचा कागद मिळतच नाही. Pass Through केलं की काम होतं.

राहते ती कड. टाइप केलेली कड ब्लेडने कापल्यासारखी असते. खिळ्यांच्या छपाईत शाई कागदात थोडी पसरते, आणि स्कॅनरही कड मऊ करतो. मजकूर रास्टराइज करून ०.५ पिक्सेल गॉशियन ब्लर दिला, तेव्हा शेजारच्या ओळींशी जुळला. १०० टक्के झूमवर पाहून ठरवा, ४०० वर सगळंच धूसर दिसतं. शिवाय खिळ्यांची शिरोरेषा अक्षराअक्षरांमध्ये बारीक तुटलेली असते, फाँटची सलग. दोनतीन ठिकाणी लेयर मास्कवर एक पिक्सेलची फट पाडली, आणि बहिणीला नव्या ओळी शोधायला भिंग लागलं.

मूळ स्कॅन वेगळा जपून ठेवलाय, आणि नव्या प्रतीच्या शेवटी त्या चार ओळी कोणत्या तेही लिहिलंय.