कढईतलं तेल पेटलं तर या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या काकूंच्या घरी दिवाळीच्या चकल्यांचा शेवटचा घाणा निघाला. गॅस मोठाच राहिला आणि त्या दाराशी कोणाशी तरी बोलायला गेल्या. आधी निळसर धूर आला, मग तेलाने पेट घेतला. तेल साडेतीनशे-चारशे अंशांवर पोचलं की त्याला काडी लावावी लागत नाही. सारखं वापरलेलं तेल तर त्याच्या आधीच पेटतं.

काकूंचा हात पाण्याच्या कळशीकडे गेला आणि वहिनींनी तो धरला. ही चूक सगळ्यांत घातक. पाणी तेलापेक्षा जड, ते थेट तळाशी जातं. तिथे क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. ती वाफ पेटतं तेल वर उडवते आणि कढईतली आग छतापर्यंत जाते.

वहिनींनी पाइपच्या गॅसचा भिंतीवरचा कॉक बंद केला. काकूंना वाटलं, आता विझेल. पण ज्वाळा तशाच! आगीला इंधन, हवेतला ऑक्सिजन आणि उष्णता अशा तिन्ही गोष्टी लागतात, त्यातली एक काढली की ती विझते. इथे मात्र इंधन नुसता गॅस नव्हता, कढईतलं तेलही होतं. कॉक बंद केल्याने तेलाला खालून मिळणारी आच थांबली, एवढंच. तेल काही काढून घेता येत नाही, म्हणून हवा तोडायची. वहिनींनी स्टीलची परात ढालीसारखी पुढे धरून आपल्या बाजूने कढईवर सरकवली. वरून आपटली असती तर तेल उडालं असतं. काचेचं झाकण तडकू शकतं, आणि पीठ भुरभुरवलं तर तेच पेटतं.

यानंतरची चूक माझी. दोन मिनिटांनी, विझलं असेल म्हणून मी परात उचलली आणि भप्पकन ज्वाळा उठल्या. हवा तुटली होती, पण तेल अजून पेटण्याइतकंच गरम होतं. हवा मिळताच त्याने पुन्हा पेट घेतला. परात परत ठेवली आणि कढई गार होईपर्यंत, तास-दीड तास, कोणी हात लावला नाही. पेटती कढई उचलून मोरीकडे न्यायची नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. चालताना तेल हिंदकळतं आणि थेट अंगावर येतं.

हे सगळं आग कढईतच आहे तोवर. ज्वाळा चिमणीला किंवा कपाटाला लागल्या असतील तर झाकण शोधत बसू नका. सगळ्यांना बाहेर काढा, जाताना स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, म्हणजे आत हवा कमी जाईल, आणि बाहेरूनच १०१ किंवा ११२ ला फोन करा.

आता काकू तळायला बसतात तेव्हा परात आधी ओट्यावर येते, मग कढई.