जर-तर विधानाची सत्यता सारणी: या चुका टाळा

p → q म्हणजे "जर p, तर q" याची सारणी भरताना पहिल्या दोन ओळींत सहसा कुणी अडत नाही. दोन्ही सत्य असतील तर विधान सत्य. p सत्य आणि q असत्य असेल तर विधान असत्य. पेन थांबतं ते तिसऱ्या ओळीवर, जिथे p असत्य आणि q सत्य असतो. p असत्य असेल, तर अख्खं विधान सत्य कसं?

"अटच पूर्ण झाली नाही, म्हणजे विधान खोटं" असं समजून शेवटच्या दोन्ही ओळींत असत्य लिहिणं ही नेहमीची चूक. तसं केलं की तयार होते ती p ∧ q ची सारणी. मग 'जर-तर' आणि 'आणि' यांत फरकच उरत नाही. फक्त तिसऱ्या ओळीत असत्य लिहिलं, तर ती p ↔ q ची, म्हणजे "p असेल तर आणि तरच q" ची सारणी होते.

एक विधान घेऊ: "जर n ला 4 ने पूर्ण भाग जात असेल, तर n सम असते." हे प्रत्येक पूर्णांकासाठी खरं आहे, याबद्दल शंका नाही. आता n च्या जागी संख्या ठेवून बघा.

| n | p: 4 ने भाग जातो | q: सम आहे | p → q |
|---|---|---|---|
| 8 | सत्य | सत्य | सत्य |
| सापडत नाही | सत्य | असत्य | असत्य |
| 6 | असत्य | सत्य | सत्य |
| 7 | असत्य | असत्य | सत्य |

प्रत्येक n साठी खरं म्हटलं, की 6 आणि 7 साठीही खरं म्हणणं भाग आहे. 6 समोर असत्य लिहिलं, तर 6 ने नियम मोडला असा अर्थ होईल. पण 4 ने भाग न जाणाऱ्या संख्यांबद्दल नियम काहीच बोलत नाही, मग 6 तो मोडणार कशी? नियम मोडायला 4 ने भाग जाणारी विषम संख्या हवी, आणि तशी संख्याच नाही. "मग ती जागा रिकामी ठेवू" हेही चालत नाही, कारण या तर्कशास्त्रात सत्य आणि असत्य अशी दोनच मूल्यं आहेत.

याच्या उलट टोकाची चूक मला जास्त घातक वाटते: विधान सत्य आहे, म्हणून q सत्य आहे असं धरून चालणं. 7 ची ओळ बघा. "जर 7 ला 4 ने भाग जात असेल, तर 7 सम आहे" हे विधान सत्य आहे, पण 7 सम झालेली नाही. q हाती लागायला p → q सोबत p सुद्धा सत्य असावा लागतो.

p आणि q मध्ये कारण-परिणामाचं नातं शोधत बसू नका. सारणी फक्त सत्यमूल्यं बघते. एखादी ओळ भरताना शंका आली, तर p सत्य आणि q असत्य आहे का एवढंच तपासा. तसं नसेल तर सत्य लिहा. मोठ्या विधानात, उदाहरणार्थ (p → q) → p मध्ये, आधी कंसाचा रकाना पूर्ण करा आणि मग हीच तपासणी त्या रकान्यावर करा. तिथे कंस हा 'जर' चा भाग आहे, त्यामुळे p आणि q दोन्ही असत्य असताना कंस सत्य येतो, पण पूर्ण विधान असत्य ठरतं.