लिमिटचं गणित: आधी किंमत घालून बघ

पीयूसीचे पाठ केलेले फॉर्म्युले जरा बाजूला ठेव, पोरी. लिमिट दिसली की आधी x ची किंमत थेट घाल. साध्या, सलग फंक्शनमध्ये संख्या आली की तेच उत्तर. फक्त खाली शून्य आलं, तर डावी-उजवी बाजू वेगळी तपास.

0/0 आलं की मात्र बऱ्याच जणी ‘लिमिट नाही’ लिहून मोकळ्या होतात. ते उत्तर नव्हे, रूप बदलायचंय एवढंच. x → 0 असताना (√(x+4) − 2)/x घे. वर-खाली (√(x+4) + 2) ने गुण. वर x उरतो, तो खालच्या x शी कटतो, कारण x शून्याजवळ आहे, शून्य नाही. राहिलं 1/(√(x+4) + 2), म्हणजे 1/4. शंका वाटली तर x = 0.01 घालून बघ: 0.2498 येतं. आणि शेवटची किंमत घालेपर्यंत प्रत्येक ओळीत lim लिही.