जुन्या पाहुण्यांना सणासुदीचं पत्र पाठवताय? या चुका टाळा

ताडोब्याच्या मोहर्ली गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर सहा खोल्यांचा एक होमस्टे आहे असं धरा. नवरा-बायको मिळून चालवतात. तीन-चार वर्षांत येऊन गेलेल्या पाहुण्यांचे ईमेल आणि व्हॉट्सॲप नंबर वहीत आहेत, आणि दसऱ्याच्या तोंडावर त्या सगळ्यांना हे जातं:

“आदरणीय अतिथी, आपणास सणासुदीच्या हार्दिक शुभेच्छा!!! दसरा-दिवाळी धमाका ऑफर! सर्व खोल्यांवर २०% सूट! मोजक्याच खोल्या शिल्लक, त्वरा करा, आजच बुक करा!!!”

असं पत्र गेलं की उत्तर येत नाही, आणि मालकाला वाटतं सूट कमी पडली. अडचण बहुतेक वेळा वेगळीच असते.

पाहुण्याला जुना भाव आठवतो

नव्या गिऱ्हाइकाला २०% सूट म्हणजे २०% सूट. जुना पाहुणा मात्र मागच्या वर्षी ३,५०० रुपये देऊन गेलाय, पावती त्याच्या फोनमध्ये आहे. यंदा सीझनचा भाव ४,५०० केला आणि त्यावर २०% कमी केले तर होतात ३,६००. म्हणजे “धमाका” घेऊन त्याला शंभर रुपये जास्तच पडले. तो भांडायला येत नाही, तो पुढची पत्रं उघडत नाही.

जुन्या पाहुण्यांच्या पत्रात टक्केवारी लिहूच नका. थेट आकडा लिहा: “तुमच्यासाठी मागच्याच वर्षीचा भाव, दोघांना एका रात्रीचे ३,५००, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून.” जुना भाव परवडत नसेल तर तेही सरळ सांगा आणि भावाऐवजी काहीतरी जोडून द्या, दुपारचं पाटोडी-रस्स्याचं जेवण घरच्या स्वयंपाकघरातून निघतं, खोलीच्या भाड्यातून नाही. सफारीचे पैसे वेगळे असतील तर ते त्याच ओळीत यायला हवेत. तळाशी बारीक अक्षरात लिहिलेली अट जुन्या ओळखीवर फार लवकर पाणी फिरवते.

सण आहे म्हणजे सुट्टी आहे, असं नाही

नागपूर-अमरावतीकडच्या घरांत महालक्ष्म्या बसल्या की ते तीन दिवस कोणी कुठे हलत नाही. सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा स्वयंपाक, सगळा गोतावळा घरी. त्या दिवसांत “गणपती स्पेशल स्टे” पाठवणं म्हणजे ज्या बाईच्या हाताला पुरण लागलंय तिच्या फोनवर जाहिरात वाजवणं. दिवाळीचंही तसंच. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज बहुतेक मराठी घरं घरीच असतात, गाड्या निघतात त्या भाऊबीजेनंतर, शाळांची सुट्टी असेपर्यंत. ऑफरच्या तारखा तिथे हव्यात.

जंगलाचं वेळापत्रकही तपासा. कोअर क्षेत्र पावसाळ्यात बंद असतं, १ ऑक्टोबरला उघडतं, आणि मंगळवारी सफारी नसते. सोमवार-मंगळवार दोन रात्रींची ऑफर दिली तर पाहुणा मंगळवारी अंगणात बसून राहील. शिवाय गर्दीच्या तारखांना खोली मिळते, पण सफारीचं ऑनलाइन बुकिंग भरलेलं असतं. म्हणून “आधी सफारी मिळते का पाहा, मग आम्हाला कळवा” हे पत्रातच लिहा. यात थोडं बुकिंग हातचं जाईल, पण सफारी न मिळालेला पाहुणा आणून बसवण्यापेक्षा ते बरं.

तेच पत्र तीनदा

पोळ्याला ऑफर, घटस्थापनेला ऑफर, दिवाळीला ऑफर. बदलतो फक्त वरचा शुभेच्छांचा फोटो. तिसऱ्या वेळी पाहुणा वाचायच्या आधीच पुसतो.

तपासायची साधी रीत अशी: ऑफरची ओळ झाकून पत्र वाचा. उरलेल्यात तुमच्या गावाची एखादी बातमी राहते का? राहत नसेल तर ते पत्र पाठवू नका. हंगामात तीन पत्रं पुरतात आणि प्रत्येकाला आपली बातमी हवी. पोळ्यानंतरच्या पहिल्या पत्रात तोरण, झडत्या आणि गेट कधी उघडतंय ते, ऑफर नाहीच. दुसरं दसऱ्याच्या आधी, कोजागिरीचं आणि दिवाळीनंतरच्या तारखांचं. तिसरं फक्त रिकाम्या राहिलेल्या तारखांचं, तेही सगळ्यांना नाही. ज्यांनी दुसऱ्या पत्राला “बघतो, कळवतो” म्हटलं होतं त्यांनाच. त्यासाठी वहीत नावापुढे एक रकाना ठेवा: काय पाठवलं, काय उत्तर आलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाला काय म्हणतात? “आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.” पत्राची तऱ्हा तीच असावी: दिवस सांगितला, जेवण सांगितलं, संपलं.

दुसरं पत्र मग असं होईल:

“नमस्कार देशपांडे काका-काकू,
यंदा पाऊस लांबला, तलाव काठोकाठ आहे. गवत अजून उंच आहे, त्यामुळे वाघ उन्हाळ्यासारखा सहज दिसेल असं सांगत नाही. पक्षी मात्र भरपूर. कोजागिरीला गावातल्या मुली आमच्या अंगणात भुलाबाईची गाणी म्हणतात. मागच्या वेळी नात सोबत होती, तिला खिरापत ओळखायला मजा येईल.
कोजागिरीला आणि भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात दोन खोल्या मोकळ्या आहेत. भाव मागचाच, ३,५००, नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून, सफारी वेगळी. यायचं असेल तर सफारी मिळते का पाहून कळवा. नाही जमलं तरी काही नाही.
पत्रं नको असतील तर ‘नको’ एवढंच लिहा.”

यात उद्गारचिन्ह एकही नाही. “दोन खोल्या” हा आकडा खरा असेल तरच लिहायचा. पुढच्या आठवड्यात पुन्हा “दोनच खोल्या” पाठवलात तर पाहुणा हिशेब करतो. “नात सोबत होती” हे वहीतून आलं. प्रत्येकाची अशी नोंद नसेल तर ते वाक्य काढा, अंदाजाने भरू नका. “तुम्ही” धरलंत की शेवटपर्यंत “तुम्ही”च. मध्येच “आपण कृपया” आलं की बँकेच्या नोटिसीसारखं वाटतं.

पत्र पोचलंच नसेल तर

भाषा सुधारूनही शांतता असेल तर आधी हे बघा. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना मेसेज जातच नाही. मेसेज दाबून धरून माहिती उघडली की कोणाला पोचला ते दिसतं. पोचलेल्यांची यादी अर्धीच असेल तर दोष मजकुराचा नाही. उपाय पुढच्या वेळचा: पाहुणा निघताना, सामान गाडीत चढत असतानाच, नंबर सेव्ह करायला सांगा.

ईमेलमध्ये सगळे पत्ते “To” किंवा “Cc” मध्ये टाकू नका. एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसतो, आणि कोणीतरी “सर्वांना उत्तर” दाबलं की सगळ्यांच्या डोक्याला ताप. “Bcc” वापरा. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्र जातं. पण एकगठ्ठा पाठवल्यावर स्पॅममध्ये जायची भीती असतेच, म्हणून तीस-चाळीसच्या तुकड्या करा आणि पहिल्या तुकडीत आपलाच दुसरा पत्ता घाला. तिथे पत्र कुठल्या फोल्डरमध्ये येतं ते लगेच कळतं.

आणि सगळा मजकूर एका रंगीत पोस्टरच्या फोटोत घालून पाठवू नका. गावाकडच्या नेटवर्कला तो उघडत नाही, त्यातला फोन नंबर दाबता येत नाही, आणि महिन्याभराने पाहुण्याने “मोहर्ली” शोधलं तर तुमचं पत्र सापडत नाही.