दंडाचा घेर आणि बीएमआय कमी आलाय? पालकांना चिठ्ठी लिहिताना या चुका टाळा

शाळेत नर्स म्हणून लागले तेव्हा मी पालकांना सरळ लिहायचे, "बीएमआय झेड स्कोअर -2.4, दंडघेर 14.2 सेमी, कृपया लक्ष द्यावे." एका आईने ती चिठ्ठी परत आणून विचारलं, "ताई, मायनस म्हणजे आमचा पोरगा नापास झाला का?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. झेड स्कोअर म्हणजे त्या वयाच्या मुलांच्या मधल्या मापापासून पोर किती वर किंवा खाली आहे ते सांगणारा आकडा, मायनस म्हणजे खाली, पण हे घरी कोणाला कळणार!

बरं, लिहायच्या आधी माप तरी बरोबर आहे का ते बघा, कारण खरी गडबड तिथेच होते. हाच पोरगा घ्या, 8 वर्षं पूर्ण, वजन 19.2 किलो, उंची 122 सेमी. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की बीएमआय येतो 12.9, आणि या वयाच्या मुलाची झेड स्कोअर -2 ची रेघ 13.3 वर आणि -3 ची 12.4 वर, म्हणजे हा मधे, मध्यम बारीक. आता उंची बुटांसकट घेतली आणि अडीच सेमी वाढली की बीएमआय थेट 12.4 वर, म्हणजे तीव्रच्या उंबरठ्यावर! पोरगा तोच, फरक फक्त बुटांचा.

दुसरी चूक अंगणवाडीच्या रंगीत पट्टीची. त्यातला 12.5 सेमीच्या वरचा हिरवा फक्त 5 वर्षांखालच्यांसाठी असतो, त्यावर हा पोरगा हिरव्यात येतो आणि आपण खूश. 5 ते 9 वयाला साधारणपणे 13.5 च्या खाली तीव्र आणि 14.5 पर्यंत मध्यम धरतात. टेप डाव्या दंडावरच, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोब्बर मधे, बाही वर करून, हात सैल सोडून, आणि कातडीला वळी पडेल इतकी आवळायची नाही.

मग चिठ्ठी. "कुपोषित" हा शब्द मी लिहीतच नाही, घरात सासू सुनेला धरते त्यावरून. मी असं लिहिते: "तुमच्या मुलाच्या वयाच्या 100 मुलांना सगळ्यात बारीकपासून ओळीत उभं केलं तर तो पहिल्या एक-दोघांत येईल. दंडही बारीक आहे, म्हणजे अंगावर स्नायू आणि चरबी कमी आहे. नुसत्या मापावरून कारण कळत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवूया." मग विचारते, भूक कशी आहे, खोकला दोन आठवड्यांच्या वर आहे का, ताप, जुलाब, जंताची गोळी कधी दिली, कपडे सैल व्हायला लागलेत का.

"आमच्यात सगळे बारीकच" हे उत्तर येणारच, त्यावर वाद घालू नका, मागच्या वर्षीचं वजन काढून शेजारी लिहा. वर्षभरात वजन जिथल्या तिथे असेल तर अंगकाठीचं कारण चालत नाही. डब्याची पावडर आणा असं तर चुकूनही लिहू नका, तेवढ्या पैशात महिनाभर शेंगदाणे, गूळ, अंडी येतात.

पायावर सूज दिसली, म्हणजे अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहिला, तर मात्र चिठ्ठीबिठ्ठी नाही, त्याच दिवशी फोन आणि दवाखाना, कारण सुजेमुळे वजन जास्त भरतं आणि झेड स्कोअर फसवतो.

आणि हो, चिठ्ठी पाकिटात बंद करून द्या. उघडी दिली की मधल्या सुट्टीपर्यंत अख्खा वर्ग पोराला "काडी" म्हणायला लागतो.