क्वालिटी इंजिनिअरच्या रेझ्युमेतला ‘४० टक्के’ कसा वाचायचा

अंबड एमआयडीसीत ऑटो पार्ट बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात क्वालिटीच्या जागेसाठी आलेले रेझ्युमे आधी माझ्याकडे येतात. नव्याने मुलाखती घ्यायला बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय.

सर्टिफिकेटांवर मी फार वेळ घालवत नाही. ‘आयएटीएफ १६९४९ सर्टिफाइड’ असं लिहिलेलं दिसलं की मात्र थांबतो, कारण ते सर्टिफिकेट कंपनीला मिळतं, माणसाला नाही. माणसाचं असतं ते इंटर्नल ऑडिटरचं ट्रेनिंग. ते कोणी दिलं आणि परीक्षा पास केली की नुसती हजेरी लावली, एवढं विचारायचं.

ऑडिटच्या अनुभवात मी एकच गोष्ट विचारतो: तुम्ही स्वतः लिहिलेली एखादी एनसी सांगा. एकाने सांगितलं, गेजची कॅलिब्रेशनची तारीख उलटून गेली होती. ठीक. मग कॅलिब्रेशनला पाठवल्यावर तो गेज चुकीचा निघाला, तर आधी त्याने तपासलेल्या पार्टचं काय? ज्याने खरंच ऑडिट केलंय तो लगेच मागच्या लॉटकडे आणि गेलेल्या मालाकडे वळतो. ज्याने फक्त चेकलिस्ट भरलीय तो ‘नवीन स्टिकर लावला’ म्हणतो.

खरी कसोटी सुधारणेच्या आकड्यांची. सिन्नरहून आलेल्या एका मुलाने लिहिलं होतं, ‘बुशच्या बोअरचं रिजेक्शन ४० टक्क्यांनी कमी केलं’. महिन्याचं उत्पादन ५०,०००, रिजेक्शन ६०० वरून ३६०. हिशोब बरोबर होता. मी रीवर्क विचारलं.

बोअर मोठा झाला की पार्ट स्क्रॅपमध्ये जातो, लहान राहिला तर पुन्हा मशीनवर घेता येतो. म्हणून ऑफसेट थोडा खालच्या बाजूला सरकवला की स्क्रॅप कमी होतं आणि रीवर्क वाढतं. इथे रीवर्क ४०० वरून ६२० झालं होतं. म्हणजे पहिल्या फेरीत नापास होणारे पार्ट आधी १,०००, नंतर ९८०. सुधारणा ४० टक्के नव्हे, २ टक्के! मापांचा पसारा होता तेवढाच राहिला, फक्त मध्य सरकला. सीपी विचारला असता तर तोही जवळपास तोच निघाला असता.

यात खोटं काही नव्हतं. स्क्रॅपचे पैसे खरंच वाचले होते, रीवर्कला लागणारा मशीनचा वेळ तेवढा वजा करायचा. पण प्रोसेस सुधारली म्हणायची तर पसारा कमी व्हायला हवा, उदाहरणार्थ इन्सर्ट बदलायची वारंवारता ठरवून किंवा क्लॅम्पिंग सुधारून, आणि तो बदल कंट्रोल प्लॅनमध्ये लिहिलेला हवा.

त्या मुलाने रीवर्कचा आकडा न लपवता लगेच सांगितला आणि तो का वाढला हेही कागदावर काढून दाखवलं. त्याला पुढच्या फेरीला बोलावलं.