बाळाच्या ग्रोथ चार्टवर रेषा ओलांडली गेली? वाचताना या चुका टाळा

एक मुलगी घेऊ. जन्माचं वजन ३.२ किलो, सहाव्या महिन्यात ७.२, नवव्या महिन्यात ७.५ आणि वर्षाची झाली तेव्हा ७.६. घरचे म्हणतात, "वजन वाढतंयच की, आणि कार्डावर ठिपका हिरव्यात आहे." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही या चार ठिपक्यांकडे पाहिल्यावर मी आईला थांबवून घेईन आणि बाळ दिवसभरात काय काय खातं ते सकाळपासून विचारायला सुरुवात करीन. का, ते नीट सांगतो. ग्रोथ चार्ट वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका या एका मुलीच्या कागदावर भेटतात.

पहिली चूक पर्सेंटाइलला परीक्षेचे गुण समजण्याची. "आमचा फक्त १५ पर्सेंटाइलला आहे हो," हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. एकाच वयाची १०० निरोगी मुलं वजनाप्रमाणे रांगेत उभी केली, तर तुमच्या बाळाच्या मागे साधारण १५ आणि पुढे ८५ जण उभे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कोणीतरी पंधराव्या जागी असणारच. शून्य ते पाच वर्षांसाठी आपण जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतो. ते भारतासह सहा देशांतल्या मुलांवरून बनवलेले आहेत, आणि ती मुलं मुद्दाम चांगल्या परिस्थितीत वाढणारी, आईच्या दुधावर असलेली अशी निवडली होती. त्यामुळे १५ च्या रेषेवरून महिनोन्‌महिने शिस्तीत चाललेलं बाळ बहुधा ठणठणीत असतं. मला काळजी वाटते ती ७० वरून २० वर आलेल्या बाळाची, जरी शेजारणीच्या नजरेत ते अजून 'गुटगुटीत' असलं तरी. ठिपका कुठे आहे यापेक्षा ठिपके कुठल्या दिशेने चालले आहेत, हे आधी बघायचं.

पण दिशा बघायची तर ठिपके खरे हवेत. अर्ध्याहून जास्त 'घसरणी' मोजण्यातल्या असतात, असं माझा अनुभव सांगतो. मागच्या वेळी स्वेटर, टोपरं आणि भरलेल्या डायपरसकट वजन झालं आणि या वेळी उघड्या अंगाने, की तीन-चारशे ग्रॅम तिथेच गेले. लांबी टेपने मोजली असेल तर ती मी मोजलीच नाही असं धरतो. दोन वर्षांपर्यंत बाळाला लांबी मोजायच्या लाकडी पाटावर आडवं ठेवून, एकाने डोकं आणि दुसऱ्याने गुडघे धरूनच लांबी मोजावी लागते. दोन वर्षांनंतर उभं करून उंची मोजतात, आणि तेच मूल उभं राहिल्यावर सरासरी ०.७ सेंटिमीटरने कमी भरतं. म्हणून तक्त्यातही २४ महिन्यांवर रेषा एक पायरी खाली उतरलेल्या दिसतात. आडवं मोजून उभ्याच्या तक्त्यावर ठिपका दिला, किंवा उलट केलं, की नसलेली वाढ किंवा नसलेली घसरण तयार होते. मुलींचा आणि मुलांचा तक्ता वेगळा असतो, हेही गडबडीत विसरलं जातं.

लवकर जन्मलेल्या बाळांबाबतची चूक सगळ्यात जास्त रडवते. बत्तिसाव्या आठवड्यात जन्मलेली मुलगी आठ आठवडे आधी आली. ती चार महिन्यांची झाली आणि वजन ४.८ किलो भरलं. चार महिन्यांच्या जागी ठिपका दिला तर तो ३ पर्सेंटाइलच्याही खाली पडतो, कारण ती रेषा तिथे ५.१ वर आहे. पण तिचं खरं हिशेबाचं वय दोन महिने. तिथे ठिपका दिला की तो १५ आणि ५० च्या मध्ये आरामात बसतो. दोन वर्षांपर्यंत हे आठवडे वजा करूनच ठिपके द्यायचे. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या, तिथे वजाबाकी नको.

मोजमाप बरोबर आहे, वय बरोबर आहे, तरी रेषा ओलांडली. मग?

पहिल्या दीड-दोन वर्षांत रेषा ओलांडणं पुष्कळदा नैसर्गिक असतं. जन्माचं वजन मुख्यतः गर्भाशयातल्या परिस्थितीवर ठरतं. आई-बाबांकडून आलेला बांधा त्यानंतर हळूहळू वर येतो. ३.९ किलोचा मुलगा ८५ च्या रेषेवर जन्मतो. आई-बाबा मध्यम चणीचे असतील तर वर्षाच्या आसपास तो ९.६ किलोला, म्हणजे ५० च्या रेषेवर येऊन स्थिरावू शकतो. अशा घसरणीच्या काही खुणा असतात. ती हळूहळू होते, वजन आणि लांबी दोन्ही सोबत उतरतात, बाळ खेळकर असतं, आणि नव्या रेषेवर पोचल्यावर घसरण थांबते. या शेवटच्या खुणेसाठी दोन-तीन महिने वाट पाहावी लागते, त्यामुळे घाईने पावडरच्या दुधाचा डबा बदलणं किंवा टॉनिक सुरू करणं इथे चूकच. उलट बाजूने, कमी वजनाचं बाळ जन्मल्यावर वर चढत रेषा ओलांडतं, तीही बहुधा चांगली बातमी असते.

"दोन रेषा ओलांडल्या की डॉक्टर" हा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो. तो बरा आहे, पण रेषांमधलं अंतर प्रत्येक तक्त्यात सारखं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ३, १५, ५०, ८५ आणि ९७ अशा पाचच रेषा असतात. ५ ते १८ वर्षांसाठीच्या भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१५ च्या तक्त्यात ३, १०, २५, ५०, ७५, ९० आणि ९७ अशा सात असतात. रेषा कमी म्हणजे त्यांच्यातलं अंतर मोठं. पहिल्या तक्त्यात पूर्ण दोन घरं उतरेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

आता त्या मुलीकडे परत येऊ. मुलींच्या तक्त्यात ५० ची रेषा जन्माला ३.२, सहा महिन्यांना ७.३, नऊला ८.२ आणि बाराला ८.९ वर असते. म्हणजे सहा महिन्यांपर्यंत ती रेषेला धरून चालली. नवव्या महिन्यात ती ५० आणि १५ च्या मध्ये आली आणि वर्षाला १५ च्या रेषेच्याही (७.९) खाली गेली. सहा महिन्यांत ५० च्या रेषेवरचं बाळ १.६ किलो चढतं, हिचे फक्त ४०० ग्रॅम वाढले, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत जेमतेम शंभर. तरी कार्डावर हिरवा पट्टा कसा? कारण माता व बाल संरक्षण कार्डावरचा पिवळा पट्टा वर्षाच्या मुलीसाठी ७ किलोच्या खाली सुरू होतो आणि केशरी त्याच्याही खाली. तो रंग कुपोषित मूल शोधण्यासाठी आहे आणि ते काम तो चोख करतो. घसरायला लागलेलं मूल मात्र हिरव्यात बराच काळ राहू शकतं. अंगणवाडी सेविकेनं हिरवा सांगितला तर ती चुकलेली नाही, आपण तिच्या उत्तरातून नको तो अर्थ काढलेला असतो.

पुढचा प्रश्न: कोणती रेषा आधी पडली? या मुलीची लांबी वर्षाला ७३ सेंटिमीटर आहे. ५० ची रेषा ७४ वर, म्हणजे लांबी किंचित मागे. डोक्याचा घेर ४४.८, अगदी मधोमध. आधी वजन, मग थोडी लांबी, डोकं जागेवर, या क्रमाचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो: पोटात पुरेशा कॅलरी जात नाहीत किंवा गेलेल्या अंगी लागत नाहीत.

घसरण सुरू झाली सहाव्या महिन्यानंतर, म्हणून वरच्या आहारात शोधायचं. आजी सांगतात, "डाळीचं पाणी देतो की रोज वाटीभर, आणि भाताची पेजही." इथेच बहुतेक वेळा गाठ सुटते. डाळीच्या पाण्यात डाळ नसते. बाळाच्या पोटाची पिशवी लहान, ती पाण्याने भरली की बाळ वाटी बाजूला सारतं आणि घरच्यांना वाटतं पोट भरलं. चमच्यातून सांडणार नाही इतका घट्ट वरण-भात कुस्करून, वर चमचाभर तूप किंवा तेल, सोबत अंडं किंवा मऊ उसळ, नाचणीची घट्ट खीर. वर्षाच्या बाळाला हे दिवसातून तीन-चार वेळा, मध्ये एक-दोनदा थोडंसं खाऊ, आणि आईचं दूध चालूच. चहा-बिस्कीट बंद. सोबत हिमोग्लोबिन तपासायचं, कारण या वयात लोह कमी पडलं की भूकही मंदावते. लघवीतला संसर्गही बघून घ्यायचा, तो वरून दिसत नाही.

क्रम वेगळा असेल तर शोधही वेगळा. सहा वर्षांच्या मुलाचं वजन आपल्या रेषेवर आहे, किंबहुना तो जरा गोलमटोलच आहे, पण उंची वर्षाला ४ सेंटिमीटरही वाढत नाही आणि तिची रेषा एकटीच खाली येते आहे. खाण्याच्या कमतरतेत असं होत नाही. इथे थायरॉइडची तपासणी आधी करायची. जुलाब, फुगलेलं पोट आणि गव्हाचे पदार्थ सुरू झाल्यानंतरची घसरण असेल तर सिलिॲकसाठी, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजारासाठी, रक्त तपासायचं, आणि तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही, नाहीतर अहवाल खोटा चांगला येतो. डोक्याचा घेर भराभर वरच्या रेषा ओलांडत असेल, टाळू फुगलेली असेल, बाळ उलट्या करत असेल किंवा सुस्तावलेलं असेल, तर पुढच्या महिन्याच्या वजनाची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

या मुलीला मी दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावीन, त्याच वजनकाट्यावर, उघड्या अंगाने. रोज घरी वजन करू नका. शी-शू आणि दुधाच्या फरकानेच काटा शंभर-दोनशे ग्रॅम मागेपुढे होतो आणि घरातली शांतता जाते. सगळं जमलं तर पंधराव्या महिन्यात ती ८.६ किलोच्या आसपास दिसेल, म्हणजे १५ च्या रेषेच्या किंचित वर. ५० ला पोचायला आणखी काही महिने लागतील. महिनाभर खरोखर घट्ट अन्न पोटात जाऊनही ठिपका वर वळला नाही, तर मग पुढच्या तपासण्यांची यादी काढायची.